आधी काठ, मग छपाई, शेवटी लेबल

वापरलेल्या महागड्या वस्तूंचा बाजार आता मोबाइलच्या पडद्यावर भरतो. घड्याळे आणि बॅगा तर तिथे असतातच, पण मोठ्या फॅशन घराण्यांचे रेशमी स्कार्फ आणि टायही ढिगाने विकायला येतात. नवा स्कार्फ दुकानात घ्यायचा तर कित्येक हजार रुपये मोजावे लागतात. इथे तो निम्म्या किमतीत, कधी त्याहूनही स्वस्तात दिसतो. अडचण एवढीच की हातात कापड नसते. रेशमाचा स्पर्श नाही, वजन नाही, एक सूत काढून जाळून पाहायची सोय नाही. समोर असतात विक्रेत्याने काढलेले पाच-सहा फोटो, आणि त्यांवरूनच माल खरा की खोटा हे ठरवायचे असते.

बहुतेक ग्राहक अशा वेळी सर्वांत आधी लेबल पाहतात. नाव बरोबर आहे, अक्षरे नीट आहेत, म्हणजे वस्तू खरी, असा हिशेब. नकली माल करणाऱ्यालाही हे ठाऊक असते, आणि लेबल हाच त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त भाग असतो. एकदा नमुना मिळाला की हजारो लेबले विणून घेता येतात. कारागिराचे तास जिथे खर्ची पडतात, तिथे मात्र त्याला काटकसर करावीच लागते. म्हणून परीक्षेचा क्रम उलटा हवा. आधी काठ, मग छपाई आणि लेबल सगळ्यात शेवटी.

हा क्रम समजून घ्यायला फ्रान्सच्या एर्मेस या घराण्याचा ‘कारे’, म्हणजे चौकोनी स्कार्फ, हे उत्तम उदाहरण आहे. घोड्यांचा साज बनवणाऱ्या या घराण्याने पहिला कारे १९३७ साली काढला. त्याचे माप ९० सेंटिमीटर बाय ९० सेंटिमीटर. तेच माप आजही सर्वांत जास्त चालते, आणि नकलाही त्याच्याच सर्वाधिक होतात. कापड रेशमाचे, ट्विल विणीचे असते. ट्विल म्हणजे तिरकी वीण. जवळून पाहिले तर तिच्यावर बारीक तिरप्या रेघा दिसतात. या रेघा पुढे आपल्या फार कामाला येणार आहेत.

काठाची गुंडाळी

साडीला पिको करून घेतो तेव्हा यंत्र कडेवरून दोरा भराभर फिरवते आणि काम काही मिनिटांत उरकते. कारेचा काठ हाताने होतो. कारागीर कापडाची कड बोटांच्या चिमटीत घेऊन आत वळवतात, तिची बारीक गोल गुंडाळी करतात आणि काठाच्याच रंगाच्या रेशमी दोऱ्याने एकेक टाका घालत पुढे सरकतात. सुई गुंडाळीच्या पोटातून जाते, त्यामुळे दोरा बहुतेक लपतो आणि बाहेर टाक्याचा एखादा ठिपका तेवढा दिसतो. चारही बाजू मिळून साडेतीन मीटरहून जास्त काठ शिवायचा असतो. सरावलेल्या हातालाही एका स्कार्फमागे अर्ध्या तासाच्या वर वेळ लागतो.

फोटोत पहिली गोष्ट पाहायची ती काठाचा फुगीरपणा. हाताने वळलेला काठ गोलसर आणि भरीव असतो. बाजूने प्रकाश पडला की त्याच्याकडेने एक बारीक सावली धरते. यंत्राने दुमडून शिवलेला काठ चपटा असतो आणि त्याच्यावर सरळ रेषेत, सारख्या अंतराने पडलेली शिलाई दिसते. एर्मेसचा कारे म्हणून विकायला आलेल्या कापडावर अशी शिलाई असेल, तर पुढे काही पाहायची गरजच उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गुंडाळीची दिशा. एर्मेसमध्ये काठ सुलट बाजूकडे वळवतात. स्कार्फ चित्र वर करून पसरला की काठाची फुगीर कड चित्राच्या बाजूला येते आणि उलट बाजूने ती सपाट दिसते. इतर अनेक घराण्यांचा काठ उलट बाजूकडे वळवलेला असतो. म्हणून हा नियम सगळीकडे सरसकट लावता येत नाही. ज्या नावाची वस्तू पाहतो आहोत, त्या नावाची रीत आधी माहीत करून घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट टाक्यांची. हाताचे टाके जवळजवळ सारखे असतात, पण हुबेहूब सारखे नसतात. हातशिलाईसारखा दिसणारा काठ करून देणारी यंत्रेही आहेत. त्यांचे टाके मात्र मोजपट्टी लावल्यासारख्या अंतराने पडतात. याच्या उलट, हाताने पण घाईत केलेल्या नकलेत टाके लांबलांब असतात, दोरा जाड किंवा रंगाने न जुळणारा असतो आणि गुंडाळी कुठे जाड, कुठे बारीक होत जाते. घाई सर्वांत आधी कोपऱ्यांवर उघडी पडते. चांगल्या कामात दोन्ही काठ कोपऱ्याशी नीट भेटतात आणि टोक टोकदार राहते. वाईट कामात तिथे कापडाची गाठ साचते, किंवा गुंडाळीचे तोंड उघडे राहून कापडाची कच्ची कड डोकावते.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. वीस-तीस वर्षे वापरलेल्या स्कार्फचा काठ इस्त्रीने चपटा झालेला असू शकतो. ड्रायक्लीनिंगवाल्याने वरून इस्त्री दाबली की गुंडाळी बसते. उसवलेला काठ कुणी घरी पुन्हा शिवलेलाही असतो. त्यामुळे चपटेपणा एवढ्यावरून स्कार्फ नकली ठरत नाही. काठ चपटा आहे, पण टाके हाताचे आहेत आणि गुंडाळीची दिशा बरोबर आहे, असे दिसले तर तो इस्त्रीचा प्रताप समजावा.

छपाईची धार

कारेवरचे चित्र स्क्रीन छपाईने उतरते. हे काम फ्रान्समध्ये लियों शहराच्या परिसरात होते, आणि रेशमाच्या धंद्यासाठी ते शहर शतकानुशतके ओळखले जाते. चित्रातला प्रत्येक रंग वेगळा काढून त्याची स्वतंत्र चौकट, म्हणजे स्क्रीन, तयार करतात. चित्रात तीस रंग असतील तर चौकटीही तीस. लांबलचक टेबलावर पांढरे रेशीम ताणून बसवायचे आणि एकेक चौकट नेमक्या जागी टेकवून रंग ओढायचा. एक चौकट अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी शेजारच्या दोन रंगांमध्ये पांढरी फट पडते किंवा एक रंग दुसऱ्यावर चढतो. छापून झाले की वाफ देऊन रंग पक्के करतात आणि जादा रंग धुऊन काढतात.

या पद्धतीच्या खुणा कापडावर राहतात. रंगाचे प्रत्येक क्षेत्र सपाट आणि एकजीव असते, त्याची कड धारदार असते आणि बाह्यरेषा कुठेही पसरत नाही. रंग कापडात खोल मुरतो, म्हणून उलट बाजूही जवळजवळ तितकीच गडद दिसते. थोडी फिकट असते, पण चित्र आणि अक्षरे तिथेही स्पष्ट ओळखू येतात. स्वस्त नकलेत रंग वरवर बसतो आणि उलट बाजू धुऊन काढल्यासारखी दिसते. तिथे अक्षरांची टोके बोथट होतात आणि दाट रेघांच्या जागी रंगाचा डाग उरतो.

घराण्याचे नाव चित्राचाच भाग म्हणून छापलेले असते, आणि तेही इथेच तपासावे. एर्मेसच्या रोमन नावात दुसऱ्या ‘ई’ अक्षरावर डावीकडून उजवीकडे उतरणारी एक तिरपी खूण असते. नकलेत ती कधी गायब असते, कधी उलट्या दिशेला झुकलेली असते. चित्रकाराची सही मात्र प्रत्येक नक्षीवर असतेच असे नाही. त्यामुळे ती नाही म्हणून घाबरायला नको.

शाई फवारून केलेली डिजिटल छपाई जवळून ओळखता येते. फिकट रंगांच्या जागी विखुरलेले सूक्ष्म ठिपके दिसतात. पण ठिपके दिसले की माल खोटा, हा निष्कर्ष घाईचा आहे. इटलीतल्या कोमो या रेशीमनगरीत आज कितीतरी नामांकित घराण्यांचे स्कार्फ डिजिटल पद्धतीनेच छापले जातात आणि ते पूर्ण अस्सल असतात. ठिपक्यांचा पुरावा चालतो तो स्क्रीन छपाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या नक्षीबाबत.

छपाई फोटोवरून तपासताना खरा घोटाळा कॅमेरा करतो. चित्र अंधुक दिसते आहे ते छपाईमुळे की फोटोमुळे? याचे उत्तर ट्विलच्या तिरप्या रेघांत मिळते. छायाचित्रातली एकच जागा मोठी करून पाहावी. तिथे विणीच्या रेघा स्वच्छ दिसतात आणि तरी रंगाची कड पसरलेली आहे, तर दोष छपाईचा. वीणच दिसत नसेल, तर त्या फोटोवरून छपाईबद्दल काहीच बोलता येत नाही. तो फोटो बाजूला ठेवून दुसरा मागावा.

फोटोत मावते तेवढेच

पूर्ण पसरलेल्या स्कार्फचा फोटो देखणा असतो, पण परीक्षेला तो फारसा उपयोगी नसतो. हिशेब सोपा आहे. ९० सेंटिमीटरचा स्कार्फ १२०० पिक्सेल रुंदीच्या फोटोत बसवला, की एका पिक्सेलच्या वाट्याला पाऊण मिलिमीटर कापड येते. काठाचा टाका, अक्षराची धार, विणीची रेघ हे सगळे त्याहून बारीक असते. म्हणजे या फोटोत ते दिसणे शक्यच नाही. त्याच कॅमेऱ्याने फक्त सहा सेंटिमीटर जागा भरून फोटो काढला, तर एका पिक्सेलला एका मिलिमीटरचा विसावा भाग येतो आणि दोरादोरा दिसू लागतो. फोटो पाठवताना काही ॲप तो लहान करतात, म्हणून मूळ फाइल मागणे चांगले.

आता एक नमुना घेऊ. ‘ब्रिद द गाला’ ही एर्मेसची अतिशय गाजलेली नक्षी आहे. उगो ग्रिगकार या चित्रकाराने ती १९५७ साली केली, आणि तिच्यात घोड्यांचे दोन समारंभी लगाम मांडलेले आहेत. ही नक्षी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या रंगांत निघाली, त्यामुळे ‘हा रंग कधी पाहिला नाही’ हा मुद्दा बाद. समजा, ती एका विक्रेत्याकडे स्वस्तात आली आहे. फोटो चार दिले आहेत. पूर्ण स्कार्फ, नारिंगी डबा, लेबल आणि रिबीन बांधून केलेली सुबक घडी. चारही फोटो सुंदर आहेत, पण त्यांतला एकही काठाचा किंवा उलट बाजूचा नाही.

विक्रेत्याकडून तीन फोटो मागवायचे. एक, सुलट बाजूने एका कोपऱ्याचा, खिडकीचा प्रकाश बाजूने पडेल असा. दोन, तोच कोपरा दुमडून सुलट आणि उलट दोन्ही बाजू एकाच चौकटीत येतील असा. तीन, चित्रातल्या एका बकलाचा, अगदी जवळून. दुसरा फोटो एकाच चौकटीत मागायचे कारण असे की दोन बाजूंचे दोन वेगळे फोटो घेतले, तर प्रकाश बदलतो आणि रंगांची तुलना फसते.

समजा, फोटो आले. पहिल्यात काठ फुगीर आहे आणि सुलट बाजूकडेच वळला आहे. इथपर्यंत ठीक. टाके मात्र बोटभर अंतरावर आहेत आणि काठ गडद निळा असताना दोरा काळा आहे. इथे पहिली शंका येते. दुसऱ्या फोटोत उलट बाजू इतकी फिकी आहे की लगामाचा पट्टा नुसती सावली वाटतो. शंका पक्की होत जाते. तिसऱ्यात ट्विलची तिरपी वीण स्वच्छ दिसते, म्हणजे कॅमेऱ्याचा नेम बरोबर आहे. तरी बकलाच्या आतल्या रेघा एकमेकींत मिसळल्या आहेत आणि सोनेरी रंग बाह्यरेषेच्या बाहेर गेला आहे. निकाल लागला. लेबल कितीही चोख असले तरी हा माल घेऊ नये. काठाची दिशा बरोबर असणे म्हणजे नकलाकाराने तेवढा अभ्यास केला होता, इतकेच. एका बरोबर खुणेवर कधीच थांबू नये, हे या नमुन्यातून दिसते.

लेबलाची साक्ष

कारेच्या उलट बाजूला कोपऱ्याजवळ एक छोटी पट्टी असते. रेशमाचे प्रमाण, धुण्याच्या खुणा, देशाचे नाव एवढाच तिचा मजकूर. ती मोजक्या टाक्यांनी अलगद टाचलेली असते, कारण स्कार्फ बांधल्यावर पट्टी बाहेर डोकावू नये म्हणून अनेकजण ती उसवून टाकतात. म्हणून जुन्या अस्सल स्कार्फला लेबल नसणे ही रोजची गोष्ट आहे. ते नाही म्हणून वस्तू नाकारू नये आणि आहे म्हणून स्वीकारूही नये.

लेबल असेल तर मजकुरापेक्षा शिलाई पाहावी. टाके स्कार्फच्या चित्रावर न उमटता काठाच्या आसपास धरलेले आहेत का? पट्टी सरळ बसली आहे का? यंत्राने कापडाच्या आरपार गच्च शिवलेली पट्टी रेशमाला सुरकुती पाडते आणि सुलट बाजूला टाके दिसू लागतात. कोणतेही चांगले घराणे एवढे महाग चित्र छापून त्यात अशी भोके पाडणार नाही. स्पेलिंगची चूक सापडली तर प्रश्नच मिटला. पण लेबलाची अक्षरे आणि मांडणी काळानुसार बदलत गेली आहे. त्यामुळे ‘माझ्या स्कार्फचे लेबल वेगळे आहे’ एवढ्यावरून दुसऱ्याचा स्कार्फ खोटा ठरत नाही.

टाय उलटून पाहा

टायचे सगळे गुपित मागच्या बाजूला असते आणि विक्रेते नेमका पुढचा फोटो देतात. चांगल्या टायचे कापड उरेब कापलेले असते, म्हणजे धाग्यांना तिरपे, पंचेचाळीस अंशांत. त्यामुळे कापडाला थोडा ताण सोसतो आणि गाठ सोडली की टाय पुन्हा सरळ होतो. कापड वाचवण्यासाठी उरेब नीट साधला नसेल, तर टाय पीळ घेतो. म्हणून टाय अरुंद टोकाला धरून लोंबता ठेवलेला फोटो मागावा. खालचे रुंद टोक एका बाजूला वळत असेल, तर कापणीत खोट आहे.

मग मागची मधली शिवण पाहावी. उत्तम टायमध्ये ती एका लांब दोऱ्याने, सैल हातटाक्यांनी घातलेली असते. दोऱ्याचे टोक मुद्दाम मोकळे सोडून आत एक छोटा फासा ठेवतात, म्हणजे टाय ताणला की दोरा थोडा सरकतो आणि तुटत नाही. शिवणीच्या दोन्ही टोकांना एक घट्ट आडवा टाका असतो. रुंद टोक थोडे उघडून काढलेल्या फोटोत हा आडवा टाका आणि कधी कधी तो मोकळा फासाही दिसतो. यंत्राची शिवण घट्ट, सरळ आणि चिरकी असते. हातशिलाई हे चांगल्या टायचे लक्षण आहे, पण ती एकट्या कुठल्याही घराण्याची सही नव्हे.

अरुंद टोक खोवायची मागची पट्टी हीच पुष्कळदा लेबल असते. ती दोन्ही बाजूंना भक्कम शिवलेली हवी, कारण रोज तिच्यावर ताण येतो. चार कोपऱ्यांत चार टाके घालून डकवलेली पट्टी महिनाभरात एका बाजूने सुटते. एर्मेसच्या छापील टायवर मागच्या बाजूला नक्षीचा क्रमांक आणि त्यापुढे दोन रोमन अक्षरे छापलेली असतात. हा क्रमांक त्या नक्षीचा असतो. एकाच विक्रेत्याकडे मोर, बेडूक आणि नाल अशा तीन वेगळ्या चित्रांच्या टायवर तोच क्रमांक दिसला, तर तिन्ही सोडून द्यावेत. छोट्या नक्षीची धारही स्कार्फसारखीच तपासायची. नालेची रेघ, प्राण्याचा डोळा मोठा करून पाहिला की छपाईची पातळी कळते.

फोटो कुठे थांबतो

या तिन्ही कसोट्यांना एक मर्यादा आहे. काठ हाताचा नाही म्हणून प्रत्येक नामांकित स्कार्फ खोटा ठरत नाही. १९७०-८०च्या दशकांत काही फॅशन घराण्यांनी आपले नाव परवान्यावर इतर उत्पादकांना वापरू दिले. पिएर कार्दँ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. अशा परवान्याच्या मालात यंत्राचा काठ आणि साधी छपाईही अधिकृत असू शकते. रेशमाबद्दल तर फोटो जवळजवळ मुकाच असतो. चांगले पॉलिस्टर फोटोत रेशमासारखेच चमकते. ती परीक्षा वस्तू हातात आल्यावरच होते, म्हणून परत घेण्याची लेखी हमी नसेल तर महाग स्कार्फ घेऊच नये.

भारतात बनावट व्यापारचिन्हाचा माल विकणे हा ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. मुंबईत फोर्टमधल्या हॉर्निमन सर्कलला एर्मेसचे स्वतःचे दुकान आहे. तिथे एकदा खरा कारे उलटसुलट करून, काठ बोटांत धरून पाहिला, की पुढे फोटोत काय शोधायचे हे डोळ्यांना समजते.

फोटोवरून वस्तू नकली आहे हे ठामपणे सांगता येते. ती अस्सल आहे हे मात्र ‘बहुधा’ एवढेच म्हणता येते. म्हणून विक्रेत्याकडे काठाचा, दोन्ही बाजूंचा आणि चित्राच्या तपशिलाचा, असे तीन जवळचे फोटो मागा. ज्याच्याकडे खरी वस्तू आहे त्याला ते काढायला पाच मिनिटे पुरतात. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून स्कार्फही घेऊ नका आणि टायही.